नव्या सीईओंची ओळख: ऑल-हँड्सच्या कामाच्या नोंदी

सोमवार, २ मार्च

नेमणुकीवर आज संचालक मंडळाची सही झाली. नव्या सीईओ १ एप्रिलला रुजू होतील, मावळते सीईओ ३१ मार्चपर्यंत आहेत. अध्यक्षांचं म्हणणं होतं की पत्र आत्ता काढावं आणि ऑल-हँड्समध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, ओळख रुजू झाल्यावर करून द्यावी. एचआरच्या बाजूने मी विरोध केला. पत्र आणि चेहरा यांच्यात चार आठवडे गेले तर त्या चार आठवड्यांत नव्या बाईंची ओळख लोकच एकमेकांना करून देतील, आणि ती नंतर पुसता येत नाही. शेवटी ठरलं ते असं: पत्र आणि सभा एकाच सकाळी, रुजू होण्याआधी, त्या स्वतः हजर असताना.

तारीख १८ मार्च. आमची नेहमीची ऑल-हँड्स महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी असते, त्यामुळे ती सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये आधीच आहे. वेगळ्या दिवशी 'सर्वांनी आवर्जून उपस्थित राहावे' असं आमंत्रण गेलं असतं तर अर्ध्या तासात सगळ्या मजल्यांवर चर्चा सुरू झाली असती.

कोणाला काय कधी कळणार याचा तक्ता केला. तीनच रकाने: कोणाला, कधी, कोण सांगणार. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो रिकामा राहिला की ती व्यक्ती बातमी दुसऱ्याच कोणाकडून ऐकते. कामगार प्रतिनिधी आणि कर्ज देणारी बँक हेही यात आले. आमच्या कर्जाच्या करारात मुख्य पदावरची व्यक्ती बदलली की कळवण्याचं कलम आहे. वित्तप्रमुखांनी ते आठवणीने काढलं.

मंगळवार, ३ मार्च

आयटीप्रमुखांसोबत बसले. बातमी माणसांच्या तोंडून फुटण्याआधी बऱ्याचदा सिस्टिममधूनच फुटते. एचआर प्रणालीत नव्या व्यक्तीची नोंद केली की मेल खातं आपोआप तयार होतं, ते अ‍ॅड्रेस बुकमध्ये दिसतं, आणि संस्थेच्या रचनेच्या तक्त्यात सगळ्यात वरच्या चौकटीत 'पद बदल प्रलंबित' अशी खूण येते. हा तक्ता कोणीही उघडू शकतं.

त्यामुळे नोंद मसुद्यातच ठेवायची, लागू दिनांक टाकायचा नाही. मेल खातं तयार करायचं पण यादीतून लपवायचं. लॅपटॉपची मागणी आयटीप्रमुखांच्या स्वतःच्या नावावर. १८ तारखेला पत्र गेलं की दोन्ही एकदम उघडायचं.

गुरुवार, ५ मार्च

आजचं काम सगळ्यात अवघड होतं. ऑपरेशन्सप्रमुखही या पदासाठी मुलाखतीला बसले होते आणि हे निम्म्या कंपनीला माहीत आहे. निवड झाली नाही हे त्यांना अध्यक्षांनी काल स्वतः सांगितलं. ते एचआरने सांगायचं नसतं. ज्याने निर्णय घेतला त्यानेच सांगायचं. मी आज भेटले ते पुढच्या व्यवस्थेसाठी.

त्यांनी सुरुवातीलाच हात वर केले. "मॅडम, एक विनंती. मला स्टेजवर बसवू नका, आणि स्वागताचे दोन शब्दही बोलायला लावू नका."

"लावणार नाही," मी म्हटलं. "पण तुमची टीम त्या दिवशी स्टेजकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त बघेल, हे तुम्हालाही माहीत आहे."

"बघू देत. मी खोटं हसणार नाही, पण तोंडही पाडणार नाही."

एवढं पुरेसं आहे. हरलेल्या उमेदवाराकडून जाहीर कौतुक वदवून घेण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण त्यातून एकोपा दिसतो असं वाटतं. प्रेक्षकांना मात्र नेमकं उलटं दिसतं. त्याऐवजी दोन गोष्टी ठरल्या. सभेआधी नव्या सीईओ त्यांना एकट्याला भेटतील, आणि सभेनंतरची ऑपरेशन्सची बैठक तेच घेतील.

सोमवार, ९ मार्च

नव्या सीईओंशी पहिलं सविस्तर बोलणं. निवड करणाऱ्या एजन्सीने त्यांचा दोन पानी परिचय पाठवला होता: पदव्या, पुरस्कार, किती देशांत काम, कशाकशाचं नेतृत्व. त्यातलं जवळजवळ सगळं काढलं. तो मजकूर मंडळाला पटवण्यासाठी लिहिलेला आहे. कर्मचाऱ्याला परिचयातून एवढंच हवं असतं: ही व्यक्ती आधी कुठे होती, आणि तिथल्या माणसांचं पुढे काय झालं.

यातल्या दुसऱ्या भागावरच आमचं अडलं. त्यांच्या आधीच्या कंपनीत त्यांच्या कारकिर्दीत एक विभाग बंद झाला होता. त्या वेळी बातमी छापून आली होती, आजही सहज सापडते. त्यांना ते परिचयात नको होतं.

"पहिल्याच दिवशी तेच कशाला? विचारलं तर सांगेन."

मी म्हटलं, "मॅडम, मी तुमचा परिचय वाचून संपवेपर्यंत मागच्या रांगेत कोणीतरी फोनवर ते शोधलेलं असेल. मग तो प्रश्न आरोप म्हणून येईल. तुम्ही आधी सांगितलंत तर ती फक्त माहिती असेल."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मग मीच सांगते, तुम्ही नको." हे माझ्या सुचवण्यापेक्षा चांगलं होतं.

माझ्या वाट्याचा मजकूर असा ठरला. वाचायला जेमतेम एक मिनिट लागतं:

"नव्या सीईओ गेली बारा वर्षं याच प्रकारच्या कंपन्यांत आहेत. त्यातली पहिली पाच त्यांनी ग्राहकसेवेत काढली, म्हणजे आपल्या सपोर्ट केंद्रात चालतं तेच काम. मंडळाने त्यांना का निवडलं हे अध्यक्षांनी सांगितलं. मी व्यवहाराचं सांगते. ३१ मार्चपर्यंत सगळे निर्णय आणि सह्या सध्याच्या सीईओंच्या. १ एप्रिलपासून त्यांच्या. तुमचा मॅनेजर, तुमची टीम, तुमचं चालू मूल्यांकन यात आजच्या घोषणेने काहीही बदलत नाही. पहिल्या सहा आठवड्यांत त्या प्रत्येक विभागात बसतील. वेळापत्रक आज दुपारी येईल. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका."

'आम्हाला अत्यंत आनंद होत आहे' कुठेही नाही. मावळत्या सीईओंवर प्रेम करणारी माणसंही त्याच खोलीत बसलेली असतात, आणि आनंद कोणाला होतोय हा प्रश्न त्यांच्या मनात लगेच येतो.

बुधवार, ११ मार्च

प्रश्नोत्तरांची तयारी. 'नव्या सीईओंना काय विचाराल' असं लोकांना आधी विचारता येत नाही, कारण घोषणाच झालेली नाही. म्हणून मागच्या ऑल-हँड्समध्ये अर्धवट राहिलेले प्रश्न काढले, राजीनामा देऊन गेलेल्यांच्या मुलाखती काढल्या, सर्वेक्षणातले शेरे वाचले. खूप मोठी यादी वाटते, पण गाळल्यावर चारच उरतात: नोकऱ्या जाणार का, पगारवाढ वेळेवर होणार का, आठवड्यातले दोन दिवस घरून काम राहणार का, आणि सध्याचे सीईओ खरं तर का चालले.

प्रत्येक उत्तर तीनपैकी एका जातीचं असतं. ठरलेलं आहे, हे घ्या. ठरलेलं नाही, अमुक तारखेला सांगू. किंवा सांगता येत नाही, आणि का येत नाही ते हे. पगारवाढ पहिल्या जातीची: रक्कम मंजूर आहे, तारीख तीच. मावळते सीईओ का चालले हेही पहिल्याच जातीचं. ते स्वतः सांगतील. नोकऱ्यांच्या प्रश्नावर मात्र दुपार गेली.

संपर्क विभागाने आणलेला पहिला मसुदा: "कर्मचारी हीच आमची खरी संपत्ती आहे." हे वाक्य फक्त कपातीच्या आधीच ऐकू येतं असा आता लोकांचा अनुभव आहे. विधी विभागाचा मसुदा: "या टप्प्यावर भाष्य करणे उचित ठरणार नाही." ऐकणाऱ्याच्या कानावर हे 'हो' म्हणूनच पडतं. नव्या सीईओंचं स्वतःचं मत होतं की सरळ सांगून टाकावं, "कोणाचीही नोकरी जाणार नाही, मी शब्द देते."

हे मनापासून होतं, आणि तिन्हींत तेच सगळ्यात धोक्याचं. सपोर्ट केंद्राच्या मोठ्या ग्राहकाचा करार संपत आलाय आणि त्या केंद्राचा आढावा जानेवारीपासून चालू आहे. त्यातून काय निघेल कोणालाच माहीत नाही. तिथली दहा माणसं जरी कमी झाली तरी त्यानंतर या बाईंनी दिलेला कुठलाच शब्द कोणी धरणार नाही.

मग 'माझ्यासमोर योजना नाही' असं म्हणायचं ठरलं. पण ते खरं आहे का? मी अध्यक्षांना आणि वित्तप्रमुखांना वेगवेगळं, लेखी विचारलं: मंडळासमोर किंवा अंदाजपत्रकात मनुष्यबळ कमी करण्याचा कुठलाही आकडा आहे का? दोघांचं उत्तर आलं: सपोर्ट केंद्राचा आढावा सोडून नाही. ही विचारणा न करता असं वाक्य सीईओंच्या तोंडी घालू नये. त्या बाहेरून येतायत. त्यांच्यासमोर योजना नाही म्हणजे योजनाच नाही असं होत नाही.

शेवटचा मजकूर:

"मी कपातीची योजना घेऊन आलेले नाही आणि मंडळाने मला तशी योजना दिलेली नाही. कधीच होणार नाही असं वचन मी देणार नाही, कारण ते पाळणं नेहमी माझ्या हातात असेल असं नाही. सपोर्ट केंद्राच्या कराराचा आढावा आधीपासून चालू आहे, तो ३० एप्रिलपर्यंत संपेल. त्याचा निर्णय आधी त्या केंद्रातल्या लोकांना आणि त्याच दिवशी तुम्हा सगळ्यांना मी स्वतः सांगेन."

क्रम बदलून पाहिला. वचन न देण्याचं वाक्य पहिलं आलं की त्यापुढचं काहीच ऐकू जात नाही. म्हणून ते दुसरंच राहिलं.

शुक्रवार, १३ मार्च

किरकोळ कामं. नव्या सीईओंच्या आडनावाचा उच्चार त्यांच्याकडूनच ध्वनिमुद्रित करून घेतला आणि अध्यक्षांना ऐकवला, कारण ते आजवर चुकीचा करत होते. सांकेतिक भाषेच्या दुभाषींना मजकूर सभेच्या आदल्या संध्याकाळी मिळेल. रात्रपाळीसाठी चित्रफीत दाखवायची नाही. नव्या सीईओ रात्री साडेआठला स्वतः पुन्हा येतील.

सोमवार, १६ मार्च

रंगीत तालीम. मावळत्या सीईओंचं भाषण चौदा मिनिटं चाललं. मन दुखावेल म्हणून कोणी बोलेना, म्हणून मीच बोलले.

"सर, पाच मिनिटं."

"अहो, मी तर निघालोच आहे. एवढं तरी बोलू द्या."

"निरोपाचा कार्यक्रम २७ तारखेला आहे, तिथे तासभर बोला. १८ तारखेला लोकांना तुमच्याकडून तीनच गोष्टी हव्यात. का जाताय, कधीपर्यंत आहात, आणि तोवर कोणाची सही चालणार."

ते मानले. घोषणा ते ३१ मार्च या काळात दोन सीईओ असल्यासारखं वातावरण होतं आणि लोक आपल्याला सोयीच्या सीईओंकडे फाइल नेतात. म्हणून सहीचं मी बोलणार असले तरी त्यांच्या तोंडूनही यायला हवं. बोलून झालं की ते स्टेजवरून उतरून पहिल्या रांगेत बसतील. नाहीतर प्रत्येक प्रश्नावर सगळ्यांची नजर आधी त्यांच्याकडे जाईल.

पंचेचाळीस मिनिटांचं वाटप: अध्यक्ष तीन, मावळते सीईओ पाच, मी दोन, नव्या सीईओ आठ, उरलेली सगळी प्रश्नांना. दूर बसलेल्यांना प्रक्षेपण वीस-पंचवीस सेकंद उशिरा दिसतं, म्हणून 'काही प्रश्न?' असं विचारून थांबलं की हॉलमधलेच हात वर येतात. पहिला प्रश्न ऑनलाइन यादीतला घ्यायचा. यादीत ज्याला जास्त मतं तो प्रश्न आधी. संपर्क विभागाला 'निवडून' घ्यायचे होते, ते नाकारलं. मतं सगळ्यांना दिसतात. वरचा प्रश्न गाळला की तो गाळल्याचंही दिसतं.

मंगळवार, १७ मार्च

प्रशासन विभागाच्या एका जागरूक माणसाने दुपारी फोन केला. उद्याच्या पाहुण्यांच्या यादीत नव्या सीईओंच्या नावापुढे पदाचा रकाना कोणीतरी भरून ठेवला होता. यादी रिसेप्शनच्या स्क्रीनवर जाण्याआधी तो रिकामा केला. बातमी फुटलीच तर काय करायचं तेही ठरलेलं आहे: तासाभरात पत्र जाईल, वाट बघायची नाही, इन्कार तर अजिबात करायचा नाही.

बुधवार, १८ मार्च

८:४५ ला ऑपरेशन्सप्रमुख आणि नव्या सीईओ भेटले. ९:३० ला सगळे मॅनेजर, सोबत एक पानाची टिपणी. १०:१५ ला पत्र, ११ ला सभा. मॅनेजरांना पाऊण तास आधी कळावं एवढंच गणित होतं. टीमने विचारल्यावर 'मलाही आत्ताच कळलं' म्हणायची पाळी त्यांच्यावर येऊ नये. आणि त्याहून जास्त वेळ दिला की बातमी खाली झिरपते.

बंद झालेल्या विभागाबद्दल नव्या सीईओ स्वतःच बोलल्या, भाषणाच्या तिसऱ्या मिनिटाला. किती लोक गेले, किती दुसरीकडे सामावले, आणि लोकांना उशिरा सांगितलं हे चुकलं, असं तीन वाक्यांत. नोकऱ्यांचा प्रश्न चौथा आला, सपोर्ट केंद्रातूनच. त्यांनी ठरलेलं उत्तर जवळजवळ शब्दशः दिलं. त्यानंतर त्याच विषयावर प्रश्न आला नाही.

घोळ दुसरीकडेच झाला. घरून कामाबद्दलचं ठरलेलं उत्तर त्यांनी नीट दिलं: सध्याचा नियम ३० जूनपर्यंत तसाच, त्याआधी बदल नाही. मग हसत पुढे जोडलं, "मला स्वतःला मात्र माणसं समोर दिसलेली आवडतात." हॉलमध्ये लोक हसलेही. तीन वाजेपर्यंत हे वाक्य 'घरून काम बंद होणार' असं होऊन माझ्या टेबलापर्यंत परत आलं. सीईओंची आवड ही आवड म्हणून कोणी ऐकत नाही, आदेश म्हणून ऐकतात. आणि पहिल्या दिवशी तर त्यांच्याबद्दल दुसरी काही माहितीच नसते.

चारच्या आत त्यांच्या नावाने दोन ओळी गेल्या: "घरून कामाचा नियम ३० जूनपर्यंत आहे तसाच आहे. सकाळी मी माझी आवड सांगितली, निर्णय नाही." खुलासा मी माझ्या नावाने पाठवावा असं संपर्क विभागाचं म्हणणं होतं. तसं केलं असतं तर सीईओ एक बोलतात आणि एचआर सारवासारव करतं, एवढंच दिसलं असतं.

रात्री साडेआठच्या सभेत त्यांनी ते जोडवाक्य टाळलं. रात्रपाळीचे प्रश्न नेहमीसारखे जास्त रोखठोक होते, आणि मला वाटतं त्यांना ती सभा जास्त आवडली.

शुक्रवार, २० मार्च

राहिलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरं आज गेली. सारखे प्रश्न एकत्र केले, पण प्रश्नाचे शब्द विचारणाऱ्याचेच ठेवले, टोचणारे असले तरी.

मॅनेजरांना एकच गोष्ट विचारली होती: तुमच्या टीमने काय ऐकलं, त्यांच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. 'सभा कशी वाटली' याला सगळे 'छान' म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. आलेल्या वाक्यांत '३० एप्रिलला कळेल' हे सपोर्ट केंद्राकडून अचूक आलं. सहीचंही पोहोचलंय. घरून कामाबद्दल तीन टीम अजून साशंक आहेत; त्या तिन्हींचे मॅनेजर स्वतःच घरून कामाच्या विरोधात आहेत, त्यामुळे दोष फक्त त्या वाक्याचा नाही. त्यांच्याशी वेगळं बोलावं लागेल.

ऑपरेशन्सकडून काहीच आलं नाही.

बुधवार, २५ मार्च

ऑपरेशन्सप्रमुखांना भेटले. त्यांच्या टीमने सभेनंतर प्रश्न नव्या सीईओंबद्दल विचारलेच नाहीत, "सर, तुम्ही जाणार का?" एवढंच विचारलं. त्यांनी खरं सांगितलं: "अजून ठरवलं नाही, ठरलं की तुम्हाला आधी सांगेन." असं उत्तर त्यांना मी लिहून दिलेलं नव्हतं, पण ते त्या तीन जातींतच बसतं. नव्या सीईओंना कळवलं आणि सुचवलं की १ एप्रिलच्या आठवड्यात त्यांच्याशी जबाबदाऱ्यांबद्दल ठोस बोलावं. कामाची व्याप्ती वाढवून देता येत असेल तर द्यावी. नुसतं 'तुम्ही आम्हाला हवे आहात' नको.

गुरुवार, ३० एप्रिल

ग्राहकाने सपोर्ट केंद्राचा करार एका वर्षासाठी वाढवला, पण एक पाळी कमी करून. सहा जणांना दुसऱ्या टीममध्ये जावं लागेल, कोणाची नोकरी जात नाही. दहा वाजता सीईओ केंद्रात जाऊन बोलल्या, त्या सहा जणांशी त्याआधी त्यांचे मॅनेजर आणि मी. दुपारी दोनला सगळ्यांना पत्र. वित्तप्रमुखांना घोषणा सोमवारपर्यंत लांबवायची होती, कारण कराराच्या शेवटच्या पानावर सही व्हायची होती. सही सव्वानऊला आली. नसती आली तरी आज 'अजून सही झालेली नाही' एवढं सांगायला सीईओ जाणारच होत्या.

ऑपरेशन्सप्रमुखांकडे १ मेपासून खरेदी विभागही येतो. राहायचं की नाही ते जूनमध्ये सांगतो म्हणालेत. मे महिन्याच्या ऑल-हँड्समध्ये यावर प्रश्न येणार, त्याचं उत्तर त्यांच्यासोबत बसून ठरवायचं आहे. घरून कामाच्या नियमाचा मसुदा १५ मेपर्यंत.